गोंदण की माशीचा डाग? एका घडी पडलेल्या फोटोच्या स्कॅनची गोष्ट

पार्श्वभूमी

जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हा माझा जोडधंदा. काम बहुतेक ओळखीतून येतं. हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातलं आहे. गाव आणि माणसांची नावं देत नाही, बाकी तपशील झाले तसेच आहेत.

घरातल्या आजी गेल्या. वर्षश्राद्धाला त्यांचा मोठा फोटो हवा होता आणि तोही तरुणपणीचा, कारण म्हातारपणीचे फोटो सगळ्यांकडे होतेच. तरुणपणीचा फोटो एकच निघाला. स्टुडिओवाल्याला घरी बोलावून अंगणात काढलेला, सात माणसांचा. आजी मधोमध खुर्चीवर, नाकात मोत्यांची नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्याच्याखाली गोंदणाचे ठिपके. प्रिंट हाफ प्लेट मापाचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. एके काळी तो काचेशिवाय भिंतीला चिकटवलेला होता. पुढे घर बांधताना कुणीतरी काढला, चार घड्या घातल्या आणि सातबाराच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवून दिला.

तो उघडला तेव्हा उभी घडी खालच्या अर्ध्या भागात पूर्ण फाटलेली होती. वरच्या अर्ध्या भागात कागद शाबूत होता, पण फोटोचा थर तडकला होता आणि ती तडक नेमकी आजींच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून गालावरून जबड्यापर्यंत उतरत होती. फाटलेल्या भागावर कधीतरी समोरून चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडली होती. आणि भिंतीवर असतानाच्या दिवसांची खूण म्हणून सगळीकडे माश्यांचे काळे ठिपके.

अडचण काय होती

सूनबाई पुण्यात नोकरी करतात. त्यांनी आधी फोनने प्रिंटचा फोटो काढला आणि तो आपोआप दुरुस्त करणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये घातला. दोन मिनिटांत घड्या गायब, फाटलेलं सांधलेलं, चेहरा लख्ख. घरच्या ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांनी हात जोडले. तो फोटो त्यांनी सासऱ्यांना, म्हणजे आजींच्या मुलाला दाखवला. त्यांना घरात आबा म्हणतात. आबांनी फोन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "ही आमची आई न्हवं. कुणाची तरी बाई हाय ही. आईच्या कपाळाला गोंदाण हुतं."

मग मूळ प्रिंट एका वहीत घालून माझ्याकडे आला.

अ‍ॅपने काय केलं ते मोजून बघण्यासारखं आहे. सूनबाईंनी पाठवलेली फाइल लांब बाजूने १६०० पिक्सेलची होती. त्यात प्रिंटने पाऊण भाग व्यापलेला, उरलेली सतरंजी. म्हणजे साडेसहा इंचाला साधारण १२०० पिक्सेल, इंचाला १८५ च्या आसपास. प्रिंटवर आजींचा चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत जेमतेम ९ मिलिमीटरचा आहे. तो या फाइलमध्ये ६५ पिक्सेलांचा झाला. चेहरा सुधारणारी बरीच मॉडेलं चेहरा ५१२ बाय ५१२ पिक्सेलांच्या चौकटीत आणून त्यावर काम करतात. ६५ चे ५१२ करायचे म्हणजे मधलं सगळं मनानं भरायचं, आणि त्या मॉडेलचं मन घडलेलं असतं हजारो नितळ चेहऱ्यांवर. त्यात गोंदण नसतं. नथ क्वचितच असते.

माझी पहिली चूक

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी पहिल्याच दिवशी घोटाळा केला. प्रिंट हातात आला तेव्हा टेबलावर जो स्कॅनर उघडा होता त्यावर, म्हणजे झेरॉक्स-प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेल्या रोजच्या मशीनवर, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, असा एक स्कॅन घेतला. मनात हिशेब असा की लॅबवाले ३००वरच छापतात, निदान सूनबाईंना अंदाज तरी देता येईल. धूळ काढण्याची खूण चालू राहिलेली, फाइल जेपेग. झाकण नेहमीसारखं दाबून बंद केलं.

त्या स्कॅनवर मी स्वतःच्या संगणकावर आपोआप दुरुस्ती चालवून पाहिली. फोनच्या फोटोपेक्षा चेहरा बरा आला, आजी आजींसारख्या दिसल्या. पण कपाळावरचे ठिपके पुन्हा गेले होते आणि गालावरच्या तडकेच्या जागी राखाडी रेघेचं भूत राहिलं होतं. नथीचे मोती एकमेकांत विरघळून एक पांढरा गोळा झाला होता.

असं का, ते समजायला फक्त भागाकार लागतो. ३०० डीपीआयला एक पिक्सेल प्रिंटवरच्या ०.०८५ मिलिमीटरचा असतो. गालावरची तडक मी मापपट्टीच्या भिंगाखाली मोजली, ती साधारण ०.१२ मिलिमीटर रुंद होती. म्हणजे दीड पिक्सेलसुद्धा नाही. अशी तडक एका स्वच्छ पांढऱ्या रेघेसारखी येतच नाही. ती शेजारच्या गालाच्या रंगात मिसळून फिकट राखाडी पट्टा होऊन येते. तडक शोधणाऱ्या प्रणालीला पट्ट्याचा गाभा सापडतो, कडा सापडत नाहीत. मग ती गाभा बुजवते आणि बुजवायला रंग घेते शेजारच्या, आधीच पांढरट झालेल्या कडांमधून. रेघेचं भूत तिथून येतं. ते तसं राहिलेलं दिसलं की स्कॅन कमी पडला असं समजावं, दुरुस्तीचे स्लायडर सरकवत बसू नये. मी तासभर सरकवत बसलो होतो.

गोंदणाचं गणित याहून वाईट. प्रिंटवरचा चेहरा खऱ्या चेहऱ्याच्या साधारण विसाव्या भागाएवढा आहे. खरा ठिपका ३ मिलिमीटरचा धरला तर प्रिंटवर ०.१५ मिलिमीटरचा होतो. ३०० डीपीआयला दोनच पिक्सेल. माशीचा डागही तेवढाच आणि तसाच काळा. दोन पिक्सेलांच्या काळ्या ठिपक्यात गोंदण कुठलं आणि माशीचं कुठलं, हे ना यंत्राला सांगता येतं, ना मला.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय होता ३००च्याच स्कॅनवर हाताने काम करायचं आणि आबांना विचारून गोंदण रंगवायचं. पुष्कळ ठिकाणी असंच करतात आणि बाराव्या-तेराव्याच्या घाईत त्याला कुणी हरकत घेत नाही. मला ते पटलं नाही, कारण ठिपके प्रिंटवर होते. जे आहे ते न बघता आठवणीवरून रंगवायचं, याला काही अर्थ नव्हता.

दुसरा पर्याय, चांगल्या कॅमेऱ्याने मॅक्रो लेन्स लावून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून फोटो काढायचा. फाटक्या, उचललेल्या प्रिंटसाठी ही पद्धत खरंतर सगळ्यात सौम्य, कारण प्रिंटला काच टेकतच नाही. पण माझ्याकडे तसं स्टँड नव्हतं, आणि एका फ्रेममध्ये पूर्ण हाफ प्लेट बसवली तर हव्या त्या घनतेला माझा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरणार नव्हता. ६००० पिक्सेल साडेसहा इंचावर पसरले तर कागदोपत्री सव्वानऊशेच्या आत येतात आणि लेन्सच्या कडांना त्याहून कमी.

तिसरा, सपाट स्कॅनरवर पुन्हा, पण नीट. माझ्याकडे एक जुना सीसीडी जातीचा फ्लॅटबेड आहे. रोजच्या मशीनमधला सेन्सर सीआयएस जातीचा. त्यात काचेला अगदी टेकलेलंच धारदार येतं, अर्धा-एक मिलिमीटर उचललेली घडी लगेच धूसर होते. सीसीडीला आरसे आणि लेन्स असल्यामुळे थोडी उंचसखल चालते. घडीचा फोटो म्हटला की हा फरक डीपीआयच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

चौथा पर्याय सूनबाईंनीच सुचवला. "दादा, इस्त्री हलकी फिरवून सपाट केला तर?" नाही. वाळलेला थर उष्णतेने आणखी तडकतो आणि तडकलेला भाग पापुद्र्यासारखा सुटतो. ओलाव्याने सपाट करण्याची रीत जतनकारांकडे आहे, पण ती त्यांच्या हाताखालीच. चिकटपट्टीलाही मी हात लावला नाही. ती काढताना खालचा थर सोबत येतो.

तिसरा पर्याय ठरला.

किती डीपीआय, हे कसं ठरवलं

इथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि लोक पहिल्यावरच थांबतात.

पहिला छपाईचा. साडेसहा इंचाचा प्रिंट १८ इंचाचा करायचा. १८ इंचाला ३००ने ५४०० पिक्सेल लागतात. ५४०० भागिले साडेसहा, म्हणजे ८३० च्या आसपास. नुसत्या मोठं छापण्यासाठीच ३०० पुरत नव्हते.

दुसरा हिशेब दोषाचा. ज्या सगळ्यात बारीक गोष्टीबद्दल निर्णय घ्यायचा आहे, ती पाच-सहा पिक्सेल रुंद तरी यायला हवी, म्हणजे तिचा गाभा वेगळा आणि कडा वेगळ्या दिसतात. हा माझा कामचलाऊ नियम आहे, कुठल्या मानकातला नाही. १२०० डीपीआयला पिक्सेल ०.०२१ मिलिमीटरचा. तडक साडेपाच-सहा पिक्सेलांची होते, गोंदणाचा ठिपका सातांचा, आणि चेहरा ४२५ पिक्सेलांचा. चेहऱ्यासाठीच्या त्या ५१२च्या चौकटीच्याही हे जवळ जातं, म्हणजे मनानं भरण्याला फारशी जागाच उरत नाही.

मग २४०० का नको? मी चेहऱ्यापुरता छोटा तुकडा ६००, १२०० आणि २४०० असा तीनदा स्कॅन करून शेजारी शेजारी ठेवला. ६०० ते १२०० मध्ये मोत्यांमधल्या फटी उघडल्या. २४००ला नवीन काहीच आलं नाही, कागदाचे तंतू तेवढे मोठे झाले आणि फाइल चौपट. एरवी साध्या एन्लार्ज केलेल्या प्रिंटमध्ये ६००च्या वर फारसं हाती लागत नाही. हा प्रिंट मोठ्या निगेटिव्हला थेट कागद टेकवून काढलेला असावा, म्हणून १२००पर्यंत तपशील निघाला. हा तुकड्याचा प्रयोग दहा मिनिटांचा असतो आणि स्कॅनरच्या खोक्यावरच्या आकड्यापेक्षा तो खरं बोलतो.

प्रत्यक्ष स्कॅन

दुसऱ्या स्कॅनसाठी काच पुसायला घेतली आणि एक गोष्ट आठवून पोटात गोळा आला. पहिल्या दिवशी स्कॅन झाल्यावर रोजच्या मशीनच्या काचेवर एक काळा कण दिसला होता. कचरा समजून मी तो फडक्याने पुसून टाकला होता. आता भिंगातून प्रिंट पाहिला, तर डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, तडकेला लागून ०.६ मिलिमीटरचा थर नव्हता. खाली पांढरा कागद दिसत होता. दाबलेल्या झाकणाने तो पापुद्रा सुटला होता आणि मीच तो पुसला होता.

सूनबाईंच्या फोनच्या फोटोत तो कोपरा जेमतेम चार पिक्सेलांचा होता, म्हणून कामाला येईल असा तो आता एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या त्या निकृष्ट ३००च्या जेपेगमध्ये, सात पिक्सेल रुंदीचा. सूनबाईंना फोन करून मी हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढचं नीट करा." ते बरोबरच होतं.

पुढचं असं केलं. हवेच्या फुग्याने धूळ उडवली. तडकेच्या आसपास ब्रश लावला नाही. झाकण काढून बाजूला ठेवलं आणि प्रिंटच्या कडांवर, चेहरे सोडून, वजनाला हलक्या फोमच्या पट्ट्या ठेवल्या.

खालच्या अर्ध्या भागात फाटलेल्या दोन कडा एकमेकींवर चढत होत्या. फाडलेला कागद सरळ कापला जात नाही, तिरका सोलला जातो. एका बाजूला पांढरे तंतू उघडे पडतात आणि दुसऱ्या बाजूला चित्राची पातळ ओठासारखी कड लटकत राहते. कडा चढल्या तर नेमकी ती कड झाकली जाते. पूर्ण फाडून दोन तुकडे वेगळे ठेवावेत का, असा विचार क्षणभर आला. पण वरचा भाग जोडलेला होता आणि तो जोड आजींच्या चेहऱ्यातूनच जात होता. मग वरचा जोड बिजागरीसारखा धरून खाली दोन मिलिमीटर फट पडेल इतकाच कोन उघडला. ती फट नंतर संगणकावर बंद करता येते.

मागे आधी काळा कागद ठेवला होता. पूर्वपाहणीत लक्षात आलं की फटीतला काळा आणि आजोबांच्या कोटाचा काळा एकच दिसतोय. पोपटी रंगाची कार्डशीट ठेवली. फोटो कृष्णधवल आणि स्कॅन रंगीत, त्यामुळे फट रंगावरून अचूक निवडता येते. कृष्णधवल फोटो रंगीत स्कॅन करण्याचा दुसरा फायदा चिकटपट्टीच्या जागी झाला. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. साडीच्या त्या भागासाठी मी फक्त लाल चॅनेल वापरला आणि डागाला वेगळी दुरुस्ती लागलीच नाही.

स्कॅनरमधलं धूळ काढणं, धार वाढवणं, रंग सुधारणं, आपोआप उजेड ठरवणं असं सगळं बंद केलं. ही कामं स्कॅनरने केली तर ती मूळ फाइलमध्येच मुरतात, मागे घेता येत नाहीत. धार वाढवली तर प्रत्येक तडकेच्या कडेला खोटी काळी किनार येते आणि पुढची आपोआप दुरुस्ती त्या किनारीलाच चित्र समजते. हिस्टोग्रामची, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखाची, दोन्ही टोकं मोकळी ठेवली, म्हणजे गडद आणि उजळ भागातला तपशील कापला जात नाही. ४८ बिट रंग, टिफ फाइल. ५७०० बाय ७८०० पिक्सेल, एक फाइल साधारण २६७ एमबीची.

आणि हा स्कॅन दोनदा घेतला, दुसऱ्यांदा प्रिंट काचेवर १८० अंशांत फिरवून.

दोनदा का

फ्लॅटबेडमधला दिवा सेन्सरच्या एका बाजूला असतो. उजेड तिरका पडतो, त्यामुळे उंचवट्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत येते. दिव्याला समांतर असलेल्या घडीला हे सगळ्यात जास्त होतं, म्हणून चेहऱ्यावरची उभी तडक मी मुद्दाम दिव्याच्या प्रवासाच्या दिशेने ठेवली. आडव्या घडीवर सावली पडणारच होती. प्रिंट उलटा फिरवून घेतलेला स्कॅन संगणकावर सरळ केला की चित्र तेच राहतं, सावलीची बाजू मात्र बदलते. दोन्ही जुळवून सरासरी काढली की सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. घडीच्या रेघेतून उरतो तो फक्त खरोखर थर गेलेला भाग.

मला त्याहून उपयोगी पडली ती दोघांमधली वजाबाकी. फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये दोन्ही स्कॅन एकावर एक ठेवून ब्लेंड मोड `Difference` केला. जे कागदात सपाट आहे ते काळं होतं, जे कागदावर उभं आहे ते चमकतं. माशीचे डाग कागदावर वाळलेले, किंचित उंच. प्रत्येकाभोवती चंद्रकोरीसारखी बारीक उजळ कड दिसली. आजींच्या कपाळावरचे तीन ठिपके आणि हनुवटीवरचा एक पूर्ण काळे राहिले. ते चित्रातलेच होते. आबांना फोनवर फक्त विचारलं, गोंदण कुठे कुठे होतं. "कपाळावं उभी तीन, आन् हनुवटीला एक," ते म्हणाले. मी काय मोजलं ते त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

या पद्धतीत एक त्रास आहे तो सांगायला हवा. स्कॅनरची मोटर अगदी एकसारखी चालत नाही. १२००ला दोन स्कॅन संपूर्ण चित्रभर पिक्सेलला पिक्सेल जुळत नाहीत. वर जुळवलं की खाली दोन-तीन पिक्सेल सरकतं. खाली फटीचा कोनही दोन्ही वेळा तंतोतंत सारखा नव्हता. म्हणून डावा अर्धा, उजवा अर्धा आणि प्रत्येक चेहरा वेगवेगळा जुळवला. नीट न जुळलेल्या जागी वजाबाकीत सगळ्याच कडा चमकतात. तिथे एक ठिपका चमकला म्हणून तो माशीचा ठरत नाही. आजूबाजूच्या भुवया, काठ काळे पडेपर्यंत जुळवायचं, मग ठिपके बघायचे.

आता आपोआप दुरुस्ती

इतकं झाल्यावर यंत्राला काम दिलं, पण आखून. पांढरी तडक, पोपटी फट आणि वजाबाकीत चमकलेले डाग एवढ्यांचाच मुखवटा बनवला. त्याबाहेर काही बदलायचं नाही. चेहरा सुधारण्याचा पर्याय बंद. पूर्ण फाइल एकदम दिली नाही, कारण अशा पुष्कळ सोयी मोठी फाइल गुपचूप लहान करून काम करतात आणि शेवटी ताणून परत देतात. मग १२००चा स्कॅन घेतला काय न घेतला काय. हजारभर पिक्सेलांचे तुकडे दिले. प्रत्येक तुकडा परत आला की आधी त्याचं माप तपासलं, मग मूळ तुकड्याशी वजाबाकी केली. मुखवट्याबाहेर काही उजळलं तर तुकडा रद्द. दोन तुकडे रद्द झाले, त्यातल्या एकात मागच्या मुलाच्या टोपीची शिवण पुसली गेली होती.

गालावरची तडक सहज भरली. सहा पिक्सेलांच्या दोन्ही काठांना खरा गाल होता, यंत्राला मधे पूल बांधायचा होता एवढंच. साडीचा काठ फाटीपलीकडे जुळताना एक वेल चुकली, ती हाताने केली.

डोळ्याच्या कोपऱ्याशी थांबलो. तिथे २८ पिक्सेल रुंदीचं पांढरं भोक होतं. यंत्राने तिथे एक सुबक, वर वळलेली पापणी काढून दिली. छान होती, पण आजींची नव्हती. ३००च्या जेपेगमध्ये तो कोपरा किंचित खाली उतरलेला दिसत होता. तो तुकडा चौपट मोठा करून बसवला. धूसर आहे, जवळून पाहिलं तर शेजारच्या डोळ्याशी त्याची धार जुळत नाही. जुन्या फोटोत असतात तसे थोडे बारीक दाणे घालून तो मिसळला आणि सूनबाईंना दोन्ही रूपं दाखवली. त्यांनी धूसर ठेवायला सांगितलं.

निकाल

१२ बाय १८चा फोटो मॅट कागदावर छापला. सोबत पेनड्राइव्हवर दोन्ही मूळ स्कॅन, त्यांची सरासरी आणि दुरुस्त फाइल अशा वेगवेगळ्या दिल्या. मूळ प्रिंट पुन्हा घडी न घालता दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, आम्लविरहित कागदात ठेवून दिला.

वर्षश्राद्धाच्या आधी आबा स्वतः न्यायला आले. बराच वेळ पाहिला. कपाळावर बोट न टेकवता ठिपके मोजले. मग उजव्या गालावर, नाकाच्या जरा खाली एक बारीक काळा ठिपका आहे त्याकडे बोट केलं. "हे काय? हितं गोंदाण नव्हतं."

तो ठिपका मी मुद्दाम ठेवला होता. वजाबाकीत तो काळा राहिला होता, म्हणजे तो कागदावर बसलेला नव्हता, चित्रातच होता. पण चित्रात असणं म्हणजे चेहऱ्यावर असणं नव्हे. निगेटिव्हच्या थरात सुईएवढं छिद्र असेल तर प्रिंटवर असाच काळा ठिपका छापला जातो, आणि स्कॅन कितीही चांगला असला तरी तीळ आणि छिद्र यांत फरक सांगू शकत नाही. मी आबांना तसं सांगितलं. त्यांनी तिथूनच थोरल्या बहिणीला फोन लावला. आत्याबाई म्हणाल्या तीळ होता. आबा म्हणाले नव्हता. फोनवर दोघांचं जुंपलं. ठिपका तसाच राहिला.

पुन्हा करायचं झालं तर

घडी उघडण्याच्याही आधी, प्रिंट हाताळण्यापूर्वी, खिडकीच्या उजेडात वरून फोनने का होईना, पण जवळून चेहऱ्यांचे वेगवेगळे फोटो काढेन. प्रिंटला स्पर्श न करता मिळणारी ती नोंद आहे. ती असती तर डोळ्याचा कोपरा सातांहून जास्त पिक्सेलांत उरला असता.

अंदाजासाठी म्हणून हलका स्कॅन घेणार नाही. तडकलेला प्रिंट काचेवर जितक्या वेळा पालथा पडतो तितक्या वेळा काहीतरी सुटतं. मी त्याला तुकड्याचे प्रयोग धरून सहा वेळा पालथा घातला. आता तुकड्याचा प्रयोग त्याच काळातल्या, त्याच मापाच्या दुसऱ्या कुठल्यातरी धडधाकट प्रिंटवर करतो आणि फाटका प्रिंट दोनदाच ठेवतो. आणि प्रिंट उचलल्यावर काचेवर काही दिसलं तर ते पुसण्याआधी भिंगाखाली बघतो, चिमट्याने उचलून छोट्या पाकिटात ठेवतो.

घरच्यांना खुणांबद्दल पहिल्याच भेटीत विचारतो: गोंदण, तीळ, देवीचे व्रण, कान किती ठिकाणी टोचलेले. एकाला नाही, दोघांना, वेगवेगळं.

प्रिंटची मागची बाजू स्कॅन करायची मी विसरलो होतो. पुठ्ठ्यात ठेवताना दिसलं की तिथे स्टुडिओच्या पुसट शिक्क्याखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. आबांना ते वाचता आलं नाही, मलाही नाही. पुढच्या वेळी गावी गेलो की तेवढीच बाजू, फोमच्या पट्ट्या घेऊन, त्यांच्या ओसरीवरच स्कॅन करायची असं ठरलंय.